संमिश्र बैठकीचे निश्चितीपत्र : लखनऊचा कक्ष आणि महाराष्ट्रातील पडदा

ऊस पिकाच्या संशोधनाचे राष्ट्रीय समन्वयन लखनऊ येथून होते. भारतीय ऊस संशोधन संस्था १९५२ साली तेथे स्थापन झाली. रायबरेली मार्गावरील दिलकुशा परिसरात तिचे प्रक्षेत्र आहे आणि अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाचे कामकाजही याच संस्थेतून चालते. या प्रकल्पाशी आणि संस्थेशी संबंधित कामे महाराष्ट्रात पाडेगाव, कोल्हापूर, प्रवरानगर अशा ठिकाणी होतात. मुंबईहून लखनऊ गाठण्यास रेल्वेने सुमारे एक अहोरात्र लागते. दोन तासांच्या चर्चेसाठी प्रत्येक विषय विशेषज्ञाने किंवा प्रगतिशील शेतकऱ्याने तीन-चार दिवस खर्च करावेत, असे आता कोणी म्हणत नाही. काही जण कक्षात आणि काही जण दूरदृश्य प्रणालीद्वारे, अशा संमिश्र बैठका त्यामुळे रूढ झाल्या आहेत.

अशा बैठकीत उणीव राहते ती बहुधा बैठकीच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी पाठविलेल्या पत्रात. केवळ कक्षातील बैठकीस दिनांक, वेळ व स्थळ एवढे कळविले तरी चालते. संमिश्र बैठकीत मात्र कोण कोठून सहभागी होणार हे नक्की झाल्याखेरीज आसने, ध्वनिव्यवस्था, नमुने आणि हजेरी यांपैकी काहीच ठरविता येत नाही. म्हणून निमंत्रण आणि निश्चिती ही दोन स्वतंत्र पत्रे मानावीत. निमंत्रण विचारते, निश्चिती सांगते.

एक नमुना बैठक

पुढील उदाहरणातील संस्था व स्थळे खरी आहेत. बैठक मात्र समजावून सांगण्यासाठी कल्पिलेली आहे. विषय आहे ‘बेणे निवड आणि लाल कूज रोगाची ओळख’. उत्तर प्रदेशात मोठ्या क्षेत्रावर पसरलेला को ०२३८ हा वाण या रोगास बळी पडू लागल्याने तेथील ऊस उत्पादकांना वाण बदलावा लागत आहे. महाराष्ट्रात पूर्वहंगामी लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. तेव्हा बेणे निवडण्यापूर्वी ही चर्चा व्हावी या हेतूने बुधवार, ७ ऑक्टोबर २०२६, सकाळी ११ ते दुपारी १ ही वेळ योजिली आहे.

दिनांक ठरल्यावर मागे मोजत जावे. शुक्रवार, २ ऑक्टोबर रोजी गांधी जयंतीची सुट्टी आहे आणि त्याला लागून शनिवार-रविवार येतात. म्हणजे २ ते ४ ऑक्टोबर या काळात कार्यालयाकडून उत्तर मिळणार नाही. निश्चितीपत्र १ ऑक्टोबरला पाठविले, तर ते प्रत्यक्षात ५ तारखेला वाचले जाईल आणि शंकेस केवळ दोन दिवस उरतील. यास्तव वेळापत्रक असे बसते : ९ सप्टेंबरला निमंत्रण, २३ सप्टेंबरपर्यंत उत्तर, २८ सप्टेंबरला निश्चितीपत्र, ५ ऑक्टोबरच्या सायंकाळी ५ वाजेपर्यंत सहभागाचा प्रकार बदलण्याची मुभा, आणि ६ ऑक्टोबरला दुपारी ४ वाजता ध्वनिचाचणी.

पत्रात दिनांकासोबत वार अवश्य लिहावा. दोहोंत विसंगती असल्यास वाचणाऱ्यास चूक तत्काळ दिसते. तिथीने दिवस सांगण्याचे मात्र टाळावे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे कृष्ण पक्षातील एकाच दिवसाला लखनऊमध्ये एका महिन्याचे आणि साताऱ्यात त्याआधीच्या महिन्याचे नाव असते. लखनऊमध्ये ज्येष्ठातील मंगळवारी ‘बडा मंगल’ साजरा होतो आणि ठिकठिकाणच्या भंडाऱ्यांमुळे रस्त्यांवर गर्दी असते. कक्षात येणाऱ्यांसाठी तो दिवस अडचणीचा. महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेत तो दिसणार नाही; त्याचप्रमाणे लखनऊच्या आयोजकास गणेशोत्सवातील दिवसांची अडचण आपोआप उमगणार नाही. निमंत्रणाच्या टप्प्यावरच दोन्ही बाजूंच्या सुट्ट्या ताडून पाहाव्यात.

उत्तरांची मोजणी

समजा, २८ जणांना निमंत्रण गेले. मुदतीत २४ उत्तरे आली : १३ जण कक्षात, ११ जण दूरस्थ. चौघांचे उत्तर नाही. येथे समन्वयकाने मौनाला होकार समजू नये आणि नकारही समजू नये. चौघांना दूरध्वनी केल्यावर एक जण कक्षात येणार, दोघे दूरस्थ राहणार आणि एक जण येऊ शकत नाही असे कळले. आता आकडा पक्का झाला : कक्षात १४, दूरस्थ १३, एकूण २७.

ही संख्या बैठकीच्या दिवशी पुन्हा उपयोगी पडते. समजा, प्रवरानगर येथील दोन सदस्य एकाच संगणकासमोर बसणार आहेत. तर १३ दूरस्थ व्यक्तींचे पडद्यावर १२ चौकोन दिसतील. लखनऊच्या कक्षातून दोन उपकरणे जोडली जातील, एक कॅमेरा-ध्वनीसाठी व एक सादरीकरणासाठी. म्हणजे एकूण १४ चौकोन दिसले पाहिजेत. अकरा वाजण्यास पाच मिनिटे असताना १३ दिसले तर एक जण राहिला आहे. १५ दिसले तर यादीबाहेरचे कोणी आले आहे किंवा कोणी दोन उपकरणांवरून जोडले गेले आहे. चौकोनांची संख्या ही माणसांची संख्या नव्हे, हे लक्षात ठेवून दोन्ही आकडे आधीच लिहून ठेवावेत.

प्रत्येकाचे पडद्यावरील नाव कसे असावे हेही निश्चितीपत्रात सांगावे. आधी ठिकाण आणि मग नाव असा क्रम सोयीचा ठरतो, कारण सभाध्यक्षांना ‘पाडेगावहून कोण बोलू इच्छिते’ हे एका दृष्टिक्षेपात कळते. भ्रमणध्वनीच्या कंपनीचे नाव किंवा घरातील मुलाचे नाव पडद्यावर राहिल्यास हजेरी घेणाऱ्याचा वेळ जातो.

निश्चितीपत्राचा मसुदा

> विषय : बेणे निवड व लाल कूज ओळख – संमिश्र बैठकीची निश्चिती
>
> महोदय / महोदया,
>
> बैठक बुधवार, दि. ७ ऑक्टोबर २०२६ रोजी सकाळी ११.०० ते दुपारी १.०० या वेळेत निश्चित झाली आहे. आपला सहभाग दूरस्थ असा नोंदविला आहे. नोंद चुकीची असल्यास किंवा प्रकार बदलावयाचा असल्यास सोमवार, दि. ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५ पर्यंत कळवावे. त्यानंतर कक्षातील आसन मिळू शकेल, परंतु भोजनाची व्यवस्था होऊ शकणार नाही.
>
> कक्षातील सदस्यांसाठी : बैठक कक्ष, मुख्य इमारत, भारतीय ऊस संशोधन संस्था, रायबरेली मार्ग, दिलकुशा, लखनऊ. प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवावे. १०.४५ पर्यंत आसनस्थ व्हावे. लखनऊ आणि लखनऊ जंक्शन ही दोन वेगळी स्थानके शेजारी-शेजारी आहेत. वाहन मागविताना आपल्या तिकिटावरील नाव सांगावे.
>
> दूरस्थ सदस्यांसाठी : दुवा, बैठक क्रमांक व सांकेतिक शब्द खाली दिले आहेत. दुवा १०.३० पासून खुला राहील. कृपया तो अन्य गटांत पाठवू नये. ध्वनिचाचणी मंगळवार, दि. ६ ऑक्टोबर, दुपारी ४.०० वाजता याच दुव्यावर होईल.
>
> कार्यसूची : ११.०० हजेरी; ११.१० लाल कुजीची लक्षणे व नमुने, ११.५० बेणेमळ्यातील तपासणी, १२.२० महाराष्ट्रातील केंद्रांचे अनुभव; १२.४५ निर्णयांचे वाचन.
>
> छायाचित्रे : रोगट उसाची छायाचित्रे दि. १ ऑक्टोबरपर्यंत पाठवावीत. रोगट ऊस सोबत आणू नये.
>
> जोडणी तुटल्यास : तांत्रिक सहायकास दूरध्वनी करावा. क्रमांक खाली दिला आहे.

या मसुद्यातील ‘आपला सहभाग दूरस्थ असा नोंदविला आहे’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होय. ‘आपण कक्षात अथवा ऑनलाइन सहभागी होऊ शकता’ असे लिहिल्यास निश्चिती पुन्हा निमंत्रण बनते आणि आधी केलेली मोजणी वाया जाते. पत्र सर्वांना एकच जावे, मात्र हे एक वाक्य प्रत्येकासाठी स्वतंत्र असावे. दोन्ही बाजूंच्या सूचना सर्वांनी वाचल्या तर समोरच्या बाजूची अडचण प्रत्येकास ठाऊक असते. आयत्या वेळी प्रवास रद्द झालेल्या सदस्याजवळ दुवाही असतो.

कार्यसूचीत वेळा देण्याचे कारणही व्यावहारिक आहे. केवळ आपला अनुभव सांगण्यासाठी जोडला जाणारा शेतकरी १२.१५ ला शेतातून घरी येऊ शकतो. वेळ पुढेमागे झाल्यास समन्वयकाने त्यास आधी संदेश द्यावा.

दुवा तयार करताना खात्याची मर्यादा तपासावी. झूमच्या विनामूल्य खात्यावरील बैठक ४० मिनिटांनी थांबते. गूगल मीटच्या विनामूल्य खात्यावर तीन वा अधिक जण असल्यास मर्यादा ६० मिनिटांची असते. नमुना बैठकीत पहिली मर्यादा लक्षणांची चर्चा पूर्ण होण्यापूर्वीच येईल. संस्थेच्या खात्यातून दुवा तयार केल्याची खात्री निश्चितीपत्र पाठविण्यापूर्वीच करावी. बैठकीच्या दिवशी नवा दुवा काढल्यास जुन्याच दुव्यावर ताटकळणारे सदस्य हमखास निघतात.

शब्दांची जुळणी

लखनऊमधील चर्चा स्वाभाविकपणे हिंदीत होते. हिंदी-मराठीत साम्य असल्याने भाषेची अडचण येणार नाही असे वाटते, परंतु ऊसशेतीचे शब्द वेगळे आहेत. आपल्याकडील ‘खोडवा’ म्हणजे तेथील ‘पेड़ी’. ‘लाल कूज’ म्हणजे ‘लाल सड़न’. आपण ‘बेणे’ म्हणतो, तेथे ‘बीज गन्ना’ म्हणतात. हंगामांची नावे तर एकमेकांवर तंतोतंत बसतही नाहीत : तेथील ‘शरदकालीन’ लागवड आपल्या पूर्वहंगामीच्या जवळची आणि ‘बसंतकालीन’ ही सुरू हंगामानंतरची. कक्षात बसलेला माणूस शेजाऱ्यास हळूच विचारू शकतो. दूरस्थ सदस्यास ती सोय नाही, शिवाय तुटक ध्वनीत अपरिचित शब्द निसटतो. म्हणून आठ-दहा शब्दांची जोडयादी निश्चितीपत्रासोबत पाठवावी आणि हंगाम सांगताना महिना उच्चारावा.

जे पडद्यावर पोहोचत नाही

लाल कुजीची ओळख हा विषय संमिश्र बैठकीच्या मर्यादा चांगल्या दाखवितो. रोगट ऊस उभा चिरल्यास आतील भाग लालसर दिसतो आणि त्या लाल भागात मध्येमध्ये आडवे पांढरे पट्टे असतात. हे पांढरे पट्टेच निदानाचा मुख्य आधार होत, कारण ऊस लाल होण्याची इतरही कारणे असू शकतात. त्याबरोबर आंबूस, मद्यासारखा वास येतो. कक्षातील १४ जणांना पट्टे दिसतील आणि वासही येईल. दूरस्थ १३ जणांना वास येणार नाहीच; आणि कक्षाच्या पिवळसर दिव्याखाली, दूरच्या कॅमेऱ्यातून, लाल व तपकिरी यांतील फरकही कळणार नाही.

उपाय दोन. पहिला, छायाचित्रे आधी मागविणे : दिवसाच्या उजेडात, सावलीत, चिरलेल्या उसाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली. ही छायाचित्रे कॅमेऱ्यासमोर धरू नयेत, तर सादरीकरणातून पडद्यावर दाखवावीत. दुसरा उपाय म्हणजे जे दूर पोहोचत नाही ते शब्दांत सांगणे. कक्षात नमुना फिरत असताना एकाने बोलत राहावे : ‘तिसऱ्या कांडीत पांढरा पट्टा स्पष्ट आहे, वास आंबूस आहे.’ हे वर्णन नंतर इतिवृत्तातही उपयोगी पडते. रोगट ऊस परगावाहून आणू नये ही सूचना मात्र शिष्टाचाराची नसून पीक संरक्षणाची आहे. लाल कूज रोगट बेण्यातून पसरते.

शिष्टाचाराच्या पाच सूचना

शिष्टाचाराची लांबलचक यादी कोणी वाचत नाही. कारणासह दिलेल्या पाच सूचना पुरेशा आहेत.

पहिली : *कक्षात ध्वनीचे उपकरण एकच असावे.* कक्षातील एखाद्या सदस्याने स्वतःचा लॅपटॉप ध्वनीसह जोडला, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा बाहेर येतो आणि शिट्टीसारखा कर्कश नाद उठतो. मायक्रोफोन केवळ बंद करून भागत नाही, कारण स्पीकर चालू राहिल्यास प्रतिध्वनी उरतोच. कक्षातील दुसऱ्या उपकरणाचे दोन्ही बंद असावेत. नाद कोठून येतो हे शोधण्यास एकेक उपकरण क्रमाने बंद करून पाहावे.

दुसरी : *दूरस्थ सदस्यांस आधी बोलू द्यावे.* समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपणे व दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे असते. जाळ्यावरून आवाज पोहोचण्यास लागणारा विलंब तेवढाच किंवा त्याहून अधिक असू शकतो. म्हणजे दूरस्थ सदस्यास ‘आता बोलावे’ असे वाटते तोवर कक्षातील कोणीतरी बोलू लागलेले असते. तो उद्धट नसतो आणि हा भिडस्तही नसतो. विलंबच त्याची पाळी घेतो. यावर उपाय सभाध्यक्षांच्याच हाती आहे : प्रत्येक विषयावर आधी पडद्यावरील नावे पुकारावीत, मग कक्षाकडे वळावे.

तिसरी : *बोलण्यापूर्वी नाव व ठिकाण सांगावे, आणि मायक्रोफोनजवळ बोलावे.* टेबलावरील मायक्रोफोन साधारण दीड-दोन मीटरपर्यंतचा आवाज नीट टिपतो. मागील रांगेतील प्रश्न दूरस्थ सदस्यांना ऐकू गेला नसेल, तर उत्तर देणाऱ्याने प्रश्न पुन्हा उच्चारावा. शेजाऱ्याशी कुजबुज टाळावी; मायक्रोफोनला ती मुख्य वक्त्याइतकीच जवळची असते.

चौथी : *जोडणी क्षीण असल्यास चित्र बंद करावे, ध्वनी राखावा.* केवळ ध्वनीसाठी सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात, म्हणजे तासाला ३६ मेगाबाइट. साधारण दर्जाच्या चित्रासाठी दोन्ही दिशांना मिळून तासाला ५०० मेगाबाइटच्या पुढे खर्च होतो. दोन तासांत एक गीगाबाइटहून अधिक. दिवसाला दीड गीगाबाइट मिळणाऱ्या शेतकऱ्याने कॅमेरा चालू ठेवावा असा आग्रह धरू नये. हजेरीच्या वेळी आणि बोलताना काही क्षण चेहरा दाखविला तरी पुरे. वीजपुरवठा अनिश्चित असलेल्या गावी भ्रमणध्वनी पूर्ण भारित करून ठेवावा.

पाचवी : *कक्षातील गप्पांत निर्णय होऊ नयेत.* मध्यंतरात चहासोबत ठरलेली गोष्ट दूरस्थ सदस्यांना कळत नाही आणि बैठक सुरू झाल्यावर तिचा उल्लेख ‘आपण ठरविल्याप्रमाणे’ असा होतो. असे काही ठरले असल्यास ते सभाध्यक्षांनी सर्वांसमोर नव्याने मांडावे.

हजेरी आणि निर्णयांचे वाचन

हजेरी कशी घ्यावी याचा सुस्पष्ट नमुना कंपनी कायद्यात सापडतो, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना तो परिचित असणे इष्ट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३(२) मध्ये संचालकांना दूरदृश्य माध्यमातून सहभागी होण्याची तरतूद आहे. तिच्या २०१४ च्या नियमांपैकी नियम ३ नुसार बैठकीच्या आरंभी प्रत्येक दूरस्थ संचालकाने आपले नाव, आपण कोठून सहभागी आहोत, कार्यसूची मिळाली आहे आणि आपल्या ठिकाणी अन्य कोणी कामकाज ऐकत नाही, एवढे सांगावयाचे असते. नंतर गणपूर्ती झाल्याचे जाहीर केले जाते. एखाद्याचे बोलणे तुटल्यास सभाध्यक्षांनी ते पुन्हा सांगण्यास सांगावे आणि प्रत्येक विषयाच्या अखेरीस निर्णयाचा सारांश व असहमत असलेल्यांची नावे जाहीर करावीत, अशीही अपेक्षा त्यात आहे.

संशोधन संस्थेच्या तांत्रिक बैठकीस हा नियम लागू नाही. तरी त्याची रीत उचलण्याजोगी आहे, केवळ एका फरकासह : ‘अन्य कोणी ऐकत नाही’ याऐवजी ‘माझ्यासोबत कोण आहे’ हे विचारावे. कृषी विज्ञान केंद्रात एका पडद्यासमोर सहा शेतकरी बसले असतील तर ते हवेच आहे. मात्र त्यांची नावे हजेरीत आली पाहिजेत. २७ जणांची अशी हजेरी सुमारे दहा मिनिटे घेते, म्हणूनच कार्यसूचीत ११.०० ते ११.१० हा वेळ तिच्यासाठी राखला आहे. एखादा दूरस्थ सदस्य मध्येच तुटला तर वेळ लिहून ठेवावी. १२.२५ ला तुटून १२.४० ला परतलेल्या सदस्यास, मधल्या पंधरा मिनिटांत काय ठरले ते ऐकविल्याखेरीज त्या विषयावरील त्याची सहमती गृहीत धरू नये.

शेवटच्या पंधरा मिनिटांत निर्णय मोठ्याने वाचावेत आणि तेच वाक्य त्याच वेळी पडद्यावर लिहिलेले दिसावे. कक्षातील व दूरस्थ सदस्यांनी एकाच वेळी एकच मजकूर पाहण्याची ही एकमेव संधी असते. ‘बेणे निरोगी असावे’ असे न लिहिता ‘बेणे तोडण्यापूर्वी बेणेमळ्यातील संशयित ऊस उभे चिरून पाहावेत, पांढरे पट्टे आढळल्यास त्या प्लॉटचे बेणे वापरू नये, तपासणीची जबाबदारी अमुक केंद्राची’ असे लिहावे. कोणा दूरस्थ सदस्याला वाक्य मान्य नसेल तर ते येथेच बदलता येते. मसुदा इतिवृत्त तीन-चार दिवसांत सर्वांना पाठवावे आणि दुरुस्ती सुचविण्याची अंतिम तारीख त्यावरच छापावी. उपस्थितांच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘कक्षात’ किंवा ‘दूरस्थ’ अशी नोंद असावी. निश्चितीपत्रातील नोंदीशी ती ताडून पाहिली की पुढील बैठकीसाठी किती आसने मांडावयाची आणि किती चौकोनांची अपेक्षा धरावयाची, याचा अंदाज हाती येतो.